पुरुषांत ळ नसतो

बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाने पाटी वाचता येण्याचा फार तोरा मिरवू नये. आमच्याकडे येणाऱ्या बसवर ‘अप्पर’ असं स्वच्छ देवनागरीत लिहिलेलं असतं. हुबळीहून आलेल्या आमच्या व्याह्यांनी ते अडखळत वाचलं आणि विचारलं, “कशाच्या अप्पर?” मी “इंदिरानगरच्या” म्हणेपर्यंत बस निघून गेली होती. पुढची येईपर्यंत ते मला कन्नड लिपी किती सोपी आहे हे सांगत होते.

म्हणून लेकीच्या सासरी हुबळीला निघालो, तेव्हा ठरवून थांबत थांबत जाणारी गाडी धरली. रेल्वेची पिवळी पाटी म्हणजे उत्तरांसकट छापलेली प्रश्नपत्रिका. कर्नाटकात वर कन्नड, मग हिंदी, मग इंग्रजी. खालच्या दोन ओळी तळहाताने झाकायच्या, वरची वाचायची आणि हळूच हात काढायचा. बायको म्हणाली, “अहो, लोकांना वाटेल स्टेशनला दृष्ट लागू नये म्हणून काहीतरी करताय.”

मिरज गेलं, विजयनगर गेलं आणि शेडबाळला पहिली कन्नड पाटी आली. मला शून्य मार्क. पण हात काढल्यावर एक गोष्ट दिसली. इंग्रजीत शेवटी नुसता ‘एल’ होता. त्या भाषेला ल आणि ळ एकच. कन्नड ओळीत मात्र शेवटी एक वळणदार अक्षर बसलं होतं. आम्ही गावाला शेडबाळ म्हणतो, म्हणजे हाच ळ! परक्या मुलखात गाववाला भेटावा तसं झालं.

पुढे चिंचली. इथे दुसराच घोटाळा. चि वाचला, त्यापुढे अक्षराएवढा ठसठशीत गोल. मी मोठ्याने वाचलं, “चि शून्य चलि.” समोरच्या बाकावरचे रायबागचे आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनीच समजावलं. तो आपला अनुस्वार. आपण टिंब डोक्यावर ठेवतो, ते अक्षराच्या पुढे गोल मांडतात, आणि त्याला म्हणतातही ‘सोन्ने’, म्हणजे शून्यच. थोडक्यात, मी चूक वाचलं तरी अगदीच चूक नव्हतं. हे मी बायकोला दोनदा सांगितलं. चिंचलीच्या शेवटचा ल शेडबाळच्या ळसारखा मुळीच नव्हता, हेही तिथेच डोक्यात बसलं.

आजोबांनी उतरण्यापूर्वी आणखी एक खूण दिली. बहुतेक कन्नड अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखा फरकाटा असतो, त्याचं नाव तलकट्टु. आपली शिरोरेषा काना आला, वेलांटी आली, तरी हलत नाही. तलकट्टु मात्र नुसत्या ‘अ’ची निशाणी. ग म्हणजे कमान आणि वर फरकाटा. ‘गा’ करायचा झाला की फरकाटा जातो आणि उजवीकडे शेपूट वळतं. ‘गि’ केला की डोक्यावर फास येतो. म्हणजे टोपी बदलते, धड तेच. नवख्याने टोपीकडे बघू नये, धडाकडे बघावं. मी आधी टोप्याच पाठ करत होतो, म्हणून प्रत्येक स्टेशनावर नापास.

हुबळीत परीक्षा बसवरच्या पाटीने घेतली. इंग्रजीतलं हुबळी १ नोव्हेंबर २०१४ पासून हुब्बळ्ळि झालं, बेळगाव बेळगावि झालं. कन्नड पाटीवर ब आणि त्याच्या पायाशी पिल्लासारखा छोटा ब, मग ळ आणि त्याच्या पायाशी छोटा ळ. जोडाक्षर आपल्यासारखं शेजारी चिकटत नाही, खाली लोंबतं. वरचं आधी म्हणायचं, खालचं नंतर. मी पाटी पहिल्या दमात वाचली. व्याह्यांनी पाठ थोपटली. आम्ही हुबळीतच उभे होतो, हे कोणी काढलं नाही.

परतताना बसने आलो. रात्री गाडी एका हॉटेलाशी थांबली. मागच्या बाजूला दोन दारं, दोन पाट्या, दोन्ही फक्त कन्नड. ना मिशीवाला, ना फ्रॉकवाली. दोन्ही शब्दांच्या शेवटी एकच अक्षर. ते ‘रु’ असावं, कारण आदरार्थी माणसांच्या शेवटी रु लागतो, असं व्याही म्हणाले होते. आदर दोन्ही दारांना सारखाच होता, माझी निकड मात्र वाढत होती.

टोपी सोडून धड बघितलं. डावीकडच्या पाटीत मधोमध तेच वळणदार अक्षर, फक्त डोकं वेगळं. शेडबाळचा ळ! पण पुरुषात ळ कुठून येणार? मग महिलेत तरी कुठे असतो? अंधारात उभ्या उभ्या आठवलं, विहीणबाई ‘महिळा’ म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात त्यांचे उच्चार सुधारायचो. मी उजवीकडच्या दारात शिरलो.

बाहेर आलो तर बायको डावीकडच्या दारातून येत होती.

“तुला कसं कळलं?” मी विचारलं.

“तुम्ही पाटी वाचत होतात, तोवर चार बायका आत गेल्या,” ती म्हणाली.