ताप आहे, येणार नाही

वर्गशिक्षिकेला कळवायला आपल्या पालकांकडे एकच आजार असतो : ताप. ‘बाई, याला ताप आहे, आज येणार नाही.’ जुलैत तीनदा, ऑगस्टमध्ये चारदा. एवढा ताप मलेरियालाही परवडत नाही. बाईही काही कच्च्या नसतात. सकाळी फणफणलेलं पोर संध्याकाळी सोसायटीत क्रिकेट खेळत होतं, ही खबर त्यांच्यापर्यंत पोचतेच. मग हजेरीपटावरचा ‘गै’ जरा जोरात उमटतो.

गंमत अशी, की पोर खरंच आजारी असतं. त्याला दमा असतो आणि दम्याचा जोर रात्री, त्यातही पहाटे. तीनला उठून बसायचं, खोकायचं, छातीत शिट्ट्या. सहाला कुठे डोळा लागतो आणि शाळा साडेसातची. दुपारपर्यंत श्वास मोकळा, संध्याकाळी हातात बॅट. म्हणजे आजार खरा, क्रिकेट खरं, खोटा फक्त निरोप.

खोटा का? तर पालकांना वाटतं, दमा लिहिला तर संघातून नाव उडेल. मुलगी असेल तर वीस वर्षांनी यायचं स्थळ आजच बिचकेल. त्यात निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकायची खोड. तिथे बाईंच्या आधी आल्याच्या रसाचे उपाय हजर. इकडे बाईंना पत्ता नाही, म्हणून पोर फळ्यालगत खडूच्या धुळीत बसतं आणि पीटीला धावून खोकलं की ‘नाटकं पुरेत’ ऐकतं.

खरं लिहायला कितीसं लागतं? फक्त बाईंच्या नंबरवर :

‘नमस्कार बाई. मी सहावी ब, हजेरी क्रमांक २३ची आई. जुलैपासूनचे सातही खाडे दम्यामुळे झाले, ताप नव्हता. डॉक्टरांनी रोजचा पंप सुरू केलाय, तो घरीच देते. धाप लागल्यावर घ्यायचा पंप, स्पेसर आणि डॉक्टरांची चिठ्ठी दप्तराच्या पुढच्या कप्प्यात आहे. धाप लागली तर त्याला बसवा, झोपवू नका; चिठ्ठीप्रमाणे पंप घेऊ द्या आणि मला फोन करा. पंप घेऊनही आराम पडला नाही, एक वाक्य सलग बोलता येईना, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला किंवा ओठ निळे दिसले, तर माझी वाट न बघता दवाखान्यात न्या. खेळायला डॉक्टरांची मनाई नाही. फळ्यापासून जरा लांब बसवाल का? बुडालेल्या गणिताचं विचारायला शनिवारी येते.’

यावर काही शाळांचं उत्तर ठरलेलं : औषधं ऑफिसात जमा करा. पंप कपाटात, किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क बँकेत. तेव्हा मुख्याध्यापकांना वेगळा अर्ज, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून : पंप दप्तरातच राहील. पोचही घ्यायची, शिक्क्यासकट.