फोटो पाठव, रोग सांगतो

बपेऱ्यात कुणाच्या दंडावर फिकट डाग उठला की तो डाग पहिल्यांदा डॉक्टरला दिसत नाही, मोबाईलला दिसतो. तिथून तो नागपूरच्या भाच्याकडे जातो, भाच्याकडून त्याच्या फार्मसीवाल्या मित्राकडे आणि मग घरच्या ग्रुपवर. एक म्हणतो शिबं आहे. दुसरा म्हणतो कॅल्शियम कमी पडलं. आत्याबाईंच्या मते पोटात जंत झाले असणार. कुणी "ही ट्यूब लाव, आमच्या पोराला लागू पडली" म्हणून ट्यूबचाच फोटो उलट पाठवतो. बारशाला पोराला मिळत नाहीत इतकी नावं संध्याकाळपर्यंत त्या डागाला मिळतात. कुष्ठरोग हे नाव मात्र कुणी उच्चारत नाही. तसा शब्द काढला तर ग्रुप सोडावा लागेल.

बपेरा हे तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशाच्या सीमेवरचं गाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा पूर्व विदर्भाचा पट्टा राज्याच्या कुष्ठरोगाच्या यादीत वर्षानुवर्षं वरच्या ओळींत असतो. दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, म्हणून २००५ च्या अखेरीस देशानं या रोगाचं निर्मूलन जाहीर केलं. जंतूंपर्यंत ते परिपत्रक पोचलं नसावं. म्हणून या भागात फिकट डागाला शिबं म्हणून सोडून देण्याआधी एक वेगळी चौकशी करावी लागते, आणि नेमकी तीच फोटोत करता येत नाही.

समजा, धान रोवणाऱ्या एका बाईच्या उजव्या दंडावर, कोपराच्या जरा वर, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा डाग आहे. फोटोत तो फिकट दिसतो, आणि पुढचं सगळं भांडण या 'फिकट'वरून आहे. शिबं फिकट असतात. लहान पोरांच्या गालावर उठणारे कोरडे चट्टे फिकट असतात. कोडाची सुरुवात फिकट असू शकते. कुष्ठरोगाचा चट्टाही फिकट किंवा लालसर असतो. डॉक्टर तो डाग खिडकीजवळच्या उजेडात बघतो आणि मनातल्या मनात काही गोष्टी टिपत जातो. रंग फिकट झालाय की पार दुधासारखा पांढरा? पार पांढरा असेल तर पारडं कोडाकडे झुकतं, कारण कुष्ठरोगाच्या चट्ट्यातला रंग कमी होतो, साफ जात नाही. कड ठळक आहे की आजूबाजूच्या कातडीत विरत गेली आहे? कातडी सपाट आहे की उचललेली? हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, आणि फ्लॅश मारला की उचललेली कडही फोटोत सपाट होते. पृष्ठभागावर कोंडा आहे का? शिब्यावर नखानं हलकेच खरवडलं की बारीक भुसा सुटतो, न खरवडता तो कित्येकदा दिसतही नाही. शिबं बहुधा छाती, पाठ, मान या घामाच्या जागी पुंजक्यांनी येतं. दंडावरचा एकटा, कोरडा, कोंडा नसलेला, केस विरळ झालेला डाग डॉक्टरच्या भुवया वर नेतो.

यातल्या निम्म्या गोष्टी चांगल्या फोटोत दिसतील, हे मान्य. पण आपले फोटो चांगले नसतात. ट्यूबलाईटखाली काढलेला फोटो निळसर, चुलीजवळचा पिवळसर, आणि सेल्फीवाला कॅमेरा तर कातडी 'सुंदर' करायला बसलेलाच असतो. ज्या डागाचा सारा पुरावा शेजारच्या कातडीपेक्षा किंचित कमी रंग एवढाच आहे, तिथं कॅमेऱ्यानं रंगात केलेली ढवळाढवळ म्हणजे साक्षीदारच फोडणं. त्यातून व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. भाच्याकडे पोचते ती एक गुळगुळीत बाही आणि मध्ये एक संशय.

आता खरी गंमत. धरून चाला की फोटो उत्तम आला. दिवसाउजेडी काढला, कड स्पष्ट, शेजारी मापाला नाणं. तरीही जो प्रश्न निकाल लावतो त्याचं उत्तर फोटोत नाही. प्रश्न एवढाच, की या डागावर हात लावलेला कळतो का?

हे तपासायला मशीन लागत नाही, बॉलपेन पुरतं. आधी बाईला डोळे उघडे ठेवून दाखवायचं, की मी असं टेकवीन आणि जिथं टेकलं तिथं तुम्ही बोट ठेवायचं. मग डोळे मिटायला सांगायचे. पेनाचं टोक आधी चांगल्या कातडीवर हलकेच टेकवायचं, मग चट्ट्याच्या मधोमध, मग पुन्हा चांगल्या जागी, कधी मध्येच थांबायचं. टोचायचं नाही आणि ओढायचंही नाही, कारण ओढलं की शेजारची कातडी ताणली जाते आणि तीच 'कळलं' म्हणून उत्तर देते. "कळतं का?" असं तर मुळीच विचारायचं नाही. आपल्या बायकांना डॉक्टरला नाराज करायचं नसतं, त्या "हो जी" म्हणून मोकळ्या होतात. बोट कुठं ठेवतात ते बघायचं. चांगल्या कातडीवर अचूक बोट ठेवणारी बाई चट्ट्याच्या मध्यावर गप्प बसली, आणि पुन्हा केलं तरी गप्पच राहिली, तर ती मध्यावरची शांतता हेच निदान. फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्यात नक्की बधिरपणा, एवढं एकच लक्षण कुष्ठरोग म्हणायला पुरतं.

मग डॉक्टर तिचा हात कोपरात वाकवून आतल्या बाजूच्या खाचेत बोटं फिरवतो. तिथून करंगळीकडे जाणारी नस जाते. ती दोरीसारखी जाड लागते का, दाबल्यावर दुखते का, दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, घोट्यामागे आणि मानेच्या बाजूलाही अशाच नसा चाचपतात. नस जाड आणि तिच्या हद्दीतली संवेदना किंवा ताकद गेलेली, हे दुसरं लक्षण. नसेचा फोटो काढणारा भाचा अजून जन्मायचा आहे.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मला या फोटो-वैद्यकीची सगळ्यात जास्त चीड येते. फोटो नेहमी एकाच डागाचा असतो, जो समोर दिसतो त्याचा. पाठीवर, कमरेवर, मांडीच्या मागे काय आहे ते त्या बाईलाही ठाऊक नसतं, कारण ते डाग खाजत नाहीत, दुखत नाहीत आणि तिच्या आरशात मावत नाहीत. डॉक्टर मात्र मोजतो. एक ते पाच चट्टे आणि जास्तीत जास्त एका नसेवर परिणाम असेल तर रोग असांसर्गिक गटात, उपचार सहा महिने. पाचाहून जास्त चट्टे, किंवा एकाहून जास्त नसा, किंवा जंतू सापडले, तर सांसर्गिक गटात, उपचार बारा महिने. दंडावरचा एक डाग पाहून "काही नाही गं" म्हणणारा तिच्या पाठीवरचे सहा डाग न बघताच म्हणतोय. म्हणून अंगभर तपासणी लागते, आडोशाला, आशाताई किंवा नर्स सोबत असताना. हे कुठल्याच ग्रुपवर होत नाही आणि होऊही नये.

आता त्या ट्यूबकडे येऊ. दुकानातून न विचारता मिळणाऱ्या त्वचेच्या कित्येक ट्यूबांमध्ये बुरशीवरचं औषध, जंतूंवरचं औषध आणि जोडीला जोरकस स्टेरॉइड असं कडबोळं असतं. नायट्यावर ते लावलं की चार दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. पण नायट्याची ती उचललेली, कोंडा असलेली गोल कड पुसट होते आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. पुढे कित्येक दिवस तेच चोपडत राहिलं तर स्टेरॉइड स्वतःच कातडी पातळ आणि फिकट करतं. म्हणजे नायटा होता तिथं आता फिकट डाग, त्याचा नवा फोटो, ग्रुपवर नवी चर्चा. डॉक्टरचा पहिला प्रश्न "यावर काय काय लावलं?" असतो, आणि फोटोला जीभ नसते.

डॉक्टरचे डोळेही सगळं सांगतात असं नाही. चेहऱ्यावरच्या चट्ट्यात बधिरपणा पटकन सापडत नाही, तिथं नसांचं जाळं दाट असतं. रोगाच्या एका प्रकारात अंगभर असंख्य पुसट, दोन्ही बाजूंना सारखे, तुकतुकीत डाग येतात आणि त्यांच्यात सुरुवातीला स्पर्श नीट कळतो. इथं पेनही फसतं. तेव्हा कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन त्यातला रस काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधतात. हे तिसरं लक्षण. कधी तेवढ्यानंही भागत नाही आणि कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. माझा भरवसा अशा डॉक्टरवर बसतो, जो डाग पाहून "तीन महिन्यांनी पुन्हा या" म्हणू शकतो. ग्रुपवरचा कुणी असं म्हणत नाही, त्याला उत्तर आत्ता हवं असतं.

फोटो सर्वस्वी निरुपयोगी आहे असंही नाही. डाग वाढतोय की तसाच आहे हे ताडायला महिन्याच्या अंतरानं काढलेले दोन फोटो कामाचे ठरतात. डॉक्टर लांब असेल तर 'आज जायचं की सोमवारी' एवढं ठरवायलाही फोटो चालतो. मात्र काढायचा तो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, एक जवळून आणि एक अख्ख्या हाताचा, काही न चोपडता. सोबत लिहायचं की डाग कधीपासून आहे, खाजतो का, आधी काय लावलं, घरात आणखी कुणाला आहे का. यातला शेवटचा प्रश्न इथं फार महत्त्वाचा. जंतू अंगात शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीसही. घरातल्या जुन्या रुग्णाची आठवण तोवर कुणाला राहत नाही.

एरवी आपण खाजणाऱ्या, ठणकणाऱ्या डागासाठी तुमसर गाठतो आणि न खाजणाऱ्याचा फोटो काढतो. इथं उलटं करा. डाग खाजत नाही, दुखत नाही, हात लावला तर कळत नाही, असं असेल तर फोन खिशात ठेवा आणि आशाताईला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गोळ्यांची पाकिटं तिथं फुकट मिळतात आणि रोग बरा होतो. करंगळी वाकडी होईपर्यंत थांबलात तर रोग तेव्हाही बरा होईल, करंगळी मात्र गोळ्यांनी सरळ होण्याची खात्री नाही.