बारा तासांचा मंगळवार

सपोर्ट प्लॅनचे दरपत्रक लिहिणारे महाशय,

तुमचा शब्द तुम्ही तंतोतंत पाळलात, हे आधी जाहीरपणे सांगतो. ‘बारा तासांत प्रतिसाद’ हे वाचून आम्ही तुमचा सर्वांत स्वस्त प्लॅन घेतला. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, आमचं फराळाच्या ऑर्डरी घेणारं संकेतस्थळ बंद पडलं. लगेच तिकीट टाकलं. तुमचं उत्तर मंगळवारी सकाळी पावणेनऊला आलं, म्हणजे मुदत संपायच्या पंधरा मिनिटं आधी!

हिशेब मी नंतर केला. तुमचे तास ‘कामकाजाचे’ होते: सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, शनिवार-रविवार वगळून. शुक्रवारचा एक तास, सोमवारचे दहा, मंगळवारचा एक. झाले बारा. ही अट पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होती.

आणि उत्तर काय? ‘कृपया लॉग पाठवा.’ तुमचं घड्याळ तेवढ्यावर थांबलं, कारण मुदत पहिल्या उत्तराची असते, दुरुस्तीची नव्हे. दुरुस्ती कधी होईल, याचं वचन तुम्ही कोणत्याच प्लॅनमध्ये दिलेलं नाही.

फोन करावा म्हटलं, तर आमच्या प्लॅनमध्ये फक्त तिकीट. फोन आणि चॅट, तेही रात्रंदिवस, मधल्या प्लॅनपासून. तिथे यंत्रणा पूर्ण बंद असेल तर एका तासात उत्तर, पण तिकिटावर ‘यंत्रणा बंद’ ही तीव्रता निवडली तरच. ‘सर्वसाधारण प्रश्न’ निवडला, तर जास्त पैसे भरूनही दिवसभर वाट पाहायची.

मग तुमच्या विक्री विभागाने सुचवलं: सर्वांत वरचा प्लॅन घ्या, ‘खास अकाउंट मॅनेजर’ मिळेल. मी विचारलं, तो रात्री तीनला आमचा सर्व्हर बघेल का? नाही. तो नूतनीकरण आणि बिल बघतो. आमची रचना आधीपासून जाणणारा, अडचण आली की योग्य अभियंत्यापर्यंत पोहोचवणारा तांत्रिक मॅनेजर वेगळा. अॅमेझॉनच्या क्लाउडमध्येही असा नेमलेला माणूस एंटरप्राइझ पातळीपासून पुढेच मिळतो. पंधरा ऑर्डरींच्या दुकानाला तो परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण दोघांना एकाच नावाने विकणं मान्य नाही.

महाशय, स्वस्त प्लॅन मंद असावा, याबद्दल तक्रार नाही. रात्री जागणाऱ्या अभियंत्यांना पगार द्यावाच लागतो. तक्रार तुमच्या ‘तास’ या शब्दाबद्दल आहे. किमतीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, एवढं छापा: ‘शुक्रवारी संध्याकाळी तिकीट टाकल्यास पहिलं उत्तर मंगळवारी.’

हे वाचणाऱ्या दुकानदारांनो, पैसे भरण्याआधी विचारा: तास कोणते, फोन आहे का, आणि मॅनेजर बिलाचा की यंत्रणेचा? उत्तर लेखी घ्या.

आपला,
एक ग्राहक