गांडुळाची सुटका

गांडूळ हा अत्यंत निरुपद्रवी प्राणी. चावत नाही, डंख मारत नाही, ओरडत नाही. जन्मभर मातीत तोंड घालून शेतकऱ्याचं काम करतो आणि त्याबद्दल अनुदानाचा अर्जही भरत नाही. तरी इंटरनेटवर त्याचं नाव घेणं जोखमीचं आहे. त्याच्या नावातला शेवटचा 'ळ' बोटानं झाकून पाहा. जे उरतं त्याला हिंदी-मराठी अपशब्दांच्या कुठल्याही यादीत मानाचं पान असतं.

समजा, निपाणीजवळच्या एखाद्या गावातला तरुण यूट्यूबवर शेतीचं चॅनल चालवतोय. वडिलांनी जन्मभर तंबाखू केली, हा ऊस, सोयाबीन आणि व्हिडिओ करतो. गांडूळखताच्या व्हिडिओखाली लोक कौतुकानं लिहितात, प्रश्न विचारतात. मग एके दिवशी तो एका व्हिडिओच्या नावात 'बेळगाव' असं लिहितो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर त्या शहराचं नाव 'बेळगावी' आहे. त्यामुळे एका बाजूनं शिव्या येतात. तो घाबरून नाव बदलतो. मग दुसऱ्या बाजूनं येतात, आणि या दर्जानं अधिक सरस असतात, कारण मातृभाषेतल्या असतात.

वैतागून तो यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये जातो. तिथं `Blocked words` नावाची एक चौकट आहे. नको असलेले शब्द स्वल्पविराम देत त्यात भरायचे, की त्यांच्याशी जवळून जुळणाऱ्या कॉमेंट प्रसिद्ध न होता तपासणीसाठी अडकून पडतात. कुणीतरी मित्र व्हॉट्सअॅपवर तयार यादी पाठवतो. मराठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी असं चारही भाषांतलं निवडक वाङ्मय त्यात असतं. आपला तरुण ती न वाचता चिकटवतो. न वाचण्याचं कारण असं, की घरात आई असते.

शिव्या थांबतात. त्याबरोबर गांडूळखताची चौकशीही थांबते. एरंडीच्या पेंडीबद्दल कुणी विचारेनासं होतं, कारण 'एरंडी'तला 'ए' काढला तर पुढचं लिहिण्यासारखं राहत नाही. मसाला पिकांचा विषय बंद पडतो, कारण 'मसाला'त बायकोचा भाऊ लपलेला आहे. लंडनला गेलेल्या पुतण्याची शाबासकी पोहोचत नाही. 'महाभारतातल्या गांडीवासारखी तुमची कुदळ' अशी दिलखुलास दाद देणारे निवृत्त गुरुजीही गप्प. युगांडातल्या शेतीबद्दल विचारणारा एखादाच असेल, पण तोही गेला.

यात फिल्टरचा दुष्टावा काही नाही. कोगनोळीच्या नाक्यावर एखाद्या पोलिसानं गाडीत कोण बसलंय हे न बघता फक्त नंबरप्लेटवरचं 'केए २३' की 'एमएच ०९' एवढंच बघावं, तसं त्याचं चाललेलं असतं. दिलेली अक्षरं ओळीनं दिसली की हात आडवा.

ही अडचण जगात पहिल्यांदा गाजली १९९६ मध्ये, इंग्लंडातल्या स्कनथॉर्प गावात. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या फिल्टरनं गावकऱ्यांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक असभ्य शब्द बसला होता. तेव्हापासून या दुखण्याचं नावच 'स्कनथॉर्प प्रॉब्लेम' पडलं. गावाचं नाव जगभर व्हावं यासाठी पुढारी काय काय करतात. स्कनथॉर्पला ते फुकटात मिळालं. पुढे २००८ मध्ये एका अमेरिकन बातमी-संकेतस्थळानं 'गे' हा शब्द दिसेल तिथं 'होमोसेक्शुअल' घालण्याची आपोआप सोय केली होती. टायसन गे या धावपटूनं शर्यत जिंकली आणि बातमीत त्याचं आडनावच बदललं.

आपल्या सीमाभागात मात्र हे प्रकरण स्कनथॉर्पच्या वरताण आहे. तिथं एक भाषा होती. इथं चार, आणि चौघींचं सामाईक अंगण म्हणजे मोबाईलवरची रोमन लिपी. कन्नडमध्ये 'गंडु' म्हणजे पुरुष आणि 'गंडु मगु' म्हणजे मुलगा. चिकोडीच्या पाहुण्यानं बारशाच्या फोटोखाली प्रेमानं `gandu magu` लिहिलं, की हिंदी यादीचं डोकं फिरतं. उलट बाजूनं, मराठीतलं सुळे हे सरळमार्गी आडनाव रोमनमध्ये `Sule` झालं की कन्नड यादी कानावर हात ठेवते, कारण तिकडे त्याच अक्षरांची एक जुनी शिवी आहे. इंग्रजी यादीचं निराळंच. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीपुढचे अश्व जातात ते बेळगाव जिल्ह्यातल्याच अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. केवढा मान! पण `Shitole` लिहिलं की इंग्रजी फिल्टर पहिली चार अक्षरं वाचून नाक मुरडतो. माउलींचे घोडे सीमा ओलांडतात, त्यांच्या मालकांचं आडनाव अडकतं.

'मग फिल्टरला पूर्ण शब्दच बघायला सांगा की,' असं कुणीही शहाणा माणूस म्हणेल. इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमतं. देवनागरीत काय होतं ते स्वतः फिल्टर लिहिणाऱ्यांना नंतर कळतं. पायथॉन या संगणकभाषेच्या नेहमीच्या `re` सोयीला एखाद्या वाक्यातले शब्द वेगळे कर म्हणून सांगितलं, की ती गांडुळाचं असं करते:

```python
re.findall(r"\w+", "गांडूळ")
# ['ग', 'ड', 'ळ']
```

काना, अनुस्वार आणि उकार यांना ती अक्षरं मानतच नाही, त्यामुळे प्रत्येक मात्रेपाशी तिला शब्द संपल्यासारखा वाटतो. आता 'ळ' नसलेली शिवी पूर्ण शब्द म्हणून शोधायला `\b` ही शब्दसीमेची खूण दोन्ही टोकांना लावली, तर काय व्हावं? 'गांडूळ' शब्दात उकार आणि 'ळ' यांच्यामध्ये तिला सीमा दिसते, म्हणून गांडूळ पकडलं जातं. आणि खरी शिवी उकारावर संपते. पुढे मोकळी जागा. दोन्ही तिच्या लेखी अक्षरं नव्हेत, म्हणून सीमा नाही, म्हणून शिवी मोकळी. गांडूळ आत, शिवी देणारा बाहेर. कायद्याचा अनुभव असलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

उपाय आहे. `\b` सोडून द्यायचा आणि मागेपुढे देवनागरीतली कुठलीही खूण नाही ना, हे तपासायचं. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण मराठी माणूस शिवीलाही विभक्ती लावतो. 'ला', 'नो', 'च्या' चिकटलं की पूर्ण शब्द जुळत नाही आणि शिवी निसटते. म्हणून यादीवाले पुन्हा तुकड्यावर येतात आणि सोबत अपवादांची यादी ठेवतात: गांडूळ, गांडीव, युगांडा, लंडन. त्यातही व्याकरण आडवं येतं. मूळ शब्दात 'डू' दीर्घ, पण 'गांडुळाचं' म्हणताना तो ऱ्हस्व होतो. अपवादात एकच रूप घातलं तर 'गांडूळ कुठं मिळतंय' सुटतं आणि 'गांडुळांचा दर काय बगा' अडकतं, किंवा नेमकं उलट. दोन्ही रूपं घालावी लागतात. शुद्धलेखनाचे नियम शाळेनंतर कामाला येतात ते असे.

यूट्यूबवर अपवादांची यादी देण्याची सोय नाही, त्यामुळे आपल्या तरुणाला काम हातानं करावं लागतं. स्टुडिओतल्या कॉमेंटच्या पानावर `Held for review` असा एक विभाग आहे. इतके दिवस त्यानं तो उघडलेला नसतो. प्रत्येक कॉमेंटपुढे बरोबरची खूण असते, ती दाबली की कॉमेंट प्रसिद्ध. कचऱ्याची बादली दाबली की कायमची बाहेर. तिथली मुदत मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे: अडकलेली कॉमेंट फार तर ६० दिवस थांबते. लागणीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला भांगलणीनंतर उत्तर देऊन उपयोग नसतोच, पण साठ दिवसांनंतर उत्तर द्यायला प्रश्नही उरत नाही. आठवड्याला एकदा तो विभाग उघडणं पुरतं.

फेसबुकच्या पेजवर आणखी एक गंमत आहे. तिथं लपलेली कॉमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसतच राहते, बाकी जगाला दिसत नाही. पेजवाल्याला ती फिकट दिसते आणि तीन टिंबांवरून `Unhide` करता येते. लिहिणाऱ्याला वाटतं, सगळ्यांनी वाचलं आणि कुणी उत्तर दिलं नाही. मग ज्याला शंका येते तो दुसऱ्याच्या मोबाईलवरून बघतो, आणि आपलं वाक्य गायब! बाकी कुठं असतं तर लोक तांत्रिक बिघाड म्हणाले असते. सीमाभागात मराठी म्हणून लपवलं, कन्नड म्हणून उडवलं, यापेक्षा कमी काही सिद्ध होत नाही. गांडुळाच्या खतावरून भाषिक अन्यायाचं निवेदन तयार होऊ शकतं, आणि ते टाइप करताना त्यातला 'प्रोपगांडा' हा शब्द पुन्हा अडकतो.

तर तरुण विभाग उघडून बसतो. गांडूळ, एरंडी, गांडीव, लंडन हे डोळे मिटून सुटतात. नेहमी येणाऱ्या आणि कधीच वेडंवाकडं न बोलणाऱ्या गुरुजींपुढच्या तीन टिंबांत 'या माणसाच्या कॉमेंट नेहमी मंजूर करा' असा पर्याय असतो, तो तो निवडतो. मग यादीकडे वळतो. मित्रानं दिलेल्यांतले दोन-तीन अक्षरांचे तुकडे काढून टाकतो आणि तिथं पूर्ण, विभक्तीसकट शिव्या लिहितो. एकेक रूप आठवून लिहायला संध्याकाळ जाते. आई विचारते, काय लिहितोस एवढं? तो म्हणतो, व्याकरण.

शेवटी एक कॉमेंट उरते. तिच्यात चूक काहीच नाही. शिवी अस्सल आहे, विभक्ती बरोबर आहे, फिल्टरनं ती अगदी योग्य पकडली आहे. पण लिहिणारा शाळेपासूनचा मित्र, आणि वाक्याचा अर्थ 'व्हिडिओ फार छान झालाय' एवढाच. पु. ल. देशपांड्यांनी 'गणगोत'मध्ये बेळगावचे रावसाहेब रंगवले, त्यांचं प्रेम अशाच शब्दांतून वाहायचं. कुठलाही फिल्टर त्यांना पहिल्या दिवशी बंद करून मोकळा झाला असता. ही शिवी आहे की शाबासकी, हे यादी ठरवू शकत नाही. ते कोण कुणाला म्हणतोय यावर असतं, आणि ते फक्त या दोघांना ठाऊक आहे. मंजूर करावी तर खाली आत्या वाचतील. न करावी तर रात्री मित्राचा फोन येईल, का उडवलीस म्हणून, आणि त्या फोनला अजून कुणी फिल्टर बसवलेला नाही.