साखरेचा भाव

विमा कंपनीचं पत्र आलं. 'एचबीए१सी ६.९ आढळल्याने आपला प्रस्ताव वाढीव हप्त्यावर स्वीकारत आहोत.' म्हणजे हप्ता १८,००० ऐवजी २७,०००. कारणही दिलंय: तुमच्या वयाचे शंभर मरतात तिथे तुमच्यासारखे दीडशे मरतील, असा त्यांचा अंदाज. डॉक्टर 'थोडं चालत जा' म्हणाले होते. खरं निदान विमा कंपनीनेच केलं.

संमतीची सही केल्याशिवाय संरक्षण सुरू नाही. साखर पुढे उतरली तरी हप्ता आपोआप उतरत नाही. दुसरीकडे जावं, तर तिथल्या अर्जात प्रश्न असतोच: 'पूर्वी कुणी वाढीव हप्ता मागितला होता का?' एजंट मात्र खूश आहे. त्याचं कमिशन हप्त्यावर, आणि त्याने दिवाळीला मिठाईच पाठवली होती.