शंभर टक्के अण्णा

पंखे, मिक्सर, गीझर विकणाऱ्या कुठल्याही घाऊक पेढीत डिस्पॅचच्या टेबलाशी एक अण्णा बसलेले असतात. चष्मा कपाळावर, कानाला फोन आणि तोंडात एकच वाक्य: "आपला फिल रेट शंभर टक्के आहे, साहेब." गोदाम निम्मं रिकामं असतं, दारात दोन दुकानदार तावातावाने भांडत असतात, तरी अण्णांचे शंभर टक्के ढळत नाहीत.

हे त्यांना जमतं कसं? एप्रिल घ्या, कारण पंख्यांचं खरंखोटं उन्हाळ्यातच कळतं. समजा, महिन्याभरात १००० पंख्यांच्या ऑर्डरी आल्या. ७०० वेळेवर गेले. ५० पंख्यांच्या गिऱ्हाइकांनी तारखेच्या आधीच, आपल्या कारणाने, नको म्हणून कळवलं. १०० पंख्यांच्या गिऱ्हाइकांना माल मिळाला नाही, तेव्हा त्यांनी कंटाळून ऑर्डर मोडली. उरलेले १५० पेंडिंग.

या १५० वर अण्णांची खरी कारागिरी. ३० तारखेला ते दुकानदाराला फोन लावतात. "शेठ, तुमची जुनी ऑर्डर कॅन्सल मारतो आणि नवी टाकतो. तारीख ५ मेची. तुमचं काही जात नाही ना?" शेठचं काय जाणार? त्याचा पंखा तसाही गेलेला असतो! संगणकात जुन्या ऑर्डरीवर शिक्का बसतो, 'ग्राहकाकडून रद्द'. म्हणजे एप्रिलमध्ये एकूण ३०० रद्द. रद्द ऑर्डर मोजायची नाही, हा अण्णांचा धर्म. उरल्या ७००, गेले ७००. शंभर टक्के! मे उजाडला की तेच १५० पंखे 'नवीन ऑर्डर, वेळेवर रवाना' म्हणून मेच्याही पदरात पुण्य टाकतात.

विक्रीच्या मीटिंगमध्ये मात्र अण्णांचा धर्म बदलतो. तिथे एप्रिलची विक्री १००० आणि मेमध्ये वर १५०. फक्त ८५० पंखे दाराबाहेर गेले आणि कागदावर ११५० विकले. मालकाने विचारलंच, तर म्हणतात, "साहेब, ऑर्डर आली म्हणजे विक्री झालीच की हो." माल न जाता विक्री धरायची नसते. बिल एप्रिलच्या ७०० पंख्यांचं, १५० चं मेमध्ये, मोडलेल्या १५० चं कधीच नाही. हे अण्णांना ठाऊक नाही असं नव्हे. टार्गेट आणि फिल रेट ही दोन वेगळी दैवतं असून त्यांना नैवेद्यही वेगळा लागतो, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग हिशेबाला नवी मुलगी आली. बोलायला मऊ, आकड्यांना कडक. तिने एवढंच केलं: ऑर्डर रद्द झाल्याची तारीख पहिल्या कबुलीच्या तारखेशेजारी ठेवली. माल हाताशी असताना किंवा तारखेआधी गिऱ्हाइकाने स्वतःहून मोडली, तर ती वगळायची. ते झाले ५०. बाकी ९५० मोजायचेच. वेळेवर ७००, म्हणजे जेमतेम ७४ टक्के. उशिराने गेलेले १५० वेगळ्या रकान्यात, ते धरून ८९ च्या आसपास. आणि तोच दुकानदार, तोच पंखा, तोच नग, दोन दिवसांत रद्द होऊन परत आलेला दिसला, की ती जुनीच ऑर्डर समजायची.

अण्णा तिला म्हणाले, "ताई, ज्याने मोडली तो आपला गिऱ्हाईकच नव्हता. मग त्याचा ठपका आपल्यावर का?"

"तो पुढच्या वर्षी परत येणार आहे, अण्णा. तुम्ही ७०० चीच मागणी कळवलीत, तर खरेदीवाले ७०० च मागवणार. मग पुन्हा तुटवडा."

अण्णांनी चष्मा नाकावर घेतला आणि बाजारात तीस वर्षं काढलेला माणूस बोलू लागला. "मग त्या १०० वरही विश्वास ठेवू नका. माल शॉर्ट आहे कळलं की दुकानदार तीन पेढ्यांत ऑर्डर टाकतो. जो आधी देईल त्याचा घेतो आणि उरलेल्या दोन मोडतो. तुम्ही १०० लिहाल, खरे गरजू निघतील चाळीस."

हे मात्र खरं होतं, आणि मुलीने ते मुकाट लिहून घेतलं. फिल रेटमध्ये ते १०० पूर्ण धरायचे, कारण माल नव्हता हा दोष आपला. पुढची खरेदी ठरवताना मात्र त्यांतले किती धरायचे, हे त्या दुकानदारांना विचारून ठरवायचं. पहिल्यांदाच अण्णांचा चेहरा थोडा खुलला.

शेवटी तिने ऑर्डर रद्द करताना कारण निवडणं सक्तीचं केलं: माल नव्हता, भाव पटला नाही, गिऱ्हाइकाचा बेत बदलला, दुबार ऑर्डर, इतर. महिनाअखेरीला अहवाल काढला, तर सगळ्या रद्द ऑर्डरी 'इतर'मध्ये. तिने 'इतर' काढून टाकलं. पुढच्या महिन्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे बेत एकदम बदलले.