ती मी नव्हेच

२०२५च्या मे अखेरीस माझ्या मोबाइलवर एक पीडीएफ आली आणि तिच्यातून मला माझ्याविषयी बरीच नवी माहिती मिळाली. मी एक नसून दोन आहे. दोन्ही अविवाहित तरुणी आहे. माझ्याकडे एक कुत्रा असून तो लिफ्टमध्ये नेताना मी त्याच्या तोंडाला जाळी बांधायची आहे. आणि रात्री नऊनंतर माझ्या घरात पुरुषाला प्रवेश नाही, म्हणजे ऑफिसातून उशीर झाला तर मी जिन्यात झोपायचं.

हा माझा भाडेकरार. कायद्याच्या भाषेत लिव्ह अँड लायसन्स, एजंटाच्या भाषेत ‘ॲग्रीमेंट’. सोबत संदेश होता, ‘सर, चेक करून ओके टाका, बायोमेट्रिकवाला निघालाय.’ पुण्यात बायोमेट्रिकवाला निघाला की तो मुहूर्त. तो टळला तर पुढचा कधी, हे पंचांगातही सापडत नाही.

पहिलं पान पाहून मी ओके टाकणारच होतो. पहिलं पान निर्दोष होतं. तिथे नाव, आधार, पॅन, पत्ता, भाडं बावीस हजार, मुदत १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६, सगळं जिथल्या तिथे. कारण हे सगळं चौकटींत भरावं लागतं आणि रिकाम्या चौकटी एजंटाला स्वस्थ बसू देत नाहीत. गोची पुढच्या पानांवर असते. तिथे चौकटी नसतात, अटी असतात. त्या आधीच लिहिलेल्या असतात, त्यामुळे त्या वाचायच्या कुणी, हा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसऱ्या अटीशी मी थबकलो. ‘सदर परवाना दि. ३० एप्रिल २०२० रोजी आपोआप संपुष्टात येईल.’ म्हणजे माझा करार सुरू व्हायच्या पाच वर्षं एक महिना आधीच संपला होता. हसून सोडून देणार, तोच अकरावी अट दिसली : मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दरानं भरपाई. ही काही एजंटाची लहर नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम २४ मध्येच ते आहे. मी कागद घेतला. मे २०२० ते मे २०२५ म्हणजे एकसष्ट महिने, दरमहा चव्वेचाळीस हजार. एकूण सव्वीस लाख चौऱ्याऐंशी हजार रुपये. अजून सामानाचा टेम्पोही ठरवला नव्हता, आणि मी थकबाकीदार झालो होतो. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही म्हटलंय, की लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानावा. कुत्र्यासकट.

मी एजंटाला फोन लावला. तो दुखावला. ‘सर, मी सगळीकडे रिप्लेस मारलंय.’

तो खोटं बोलत नव्हता. त्यानं संगणकाला `30/04/2020` शोधायला सांगितलं. ते चौकटीत सापडलं आणि बदललं. तिसऱ्या अटीत मात्र तारीख देवनागरी अंकांत आणि महिना अक्षरांत होता. आपल्याला दोन्ही एकच वाटतात. संगणकाच्या लेखी त्यांची ओळखदेखील नाही.

नावाचंही तेच. आधीच्या करारात गोखले नावाचे मालक होते. एजंटानं ‘गोखले’ शोधून तिथे नव्या मालकीणबाईंचं आडनाव घातलं. नऊ ठिकाणी बदल झाला. पण मराठी माणूस करारात ‘गोखलेनी’ असं लिहीत नाही, ‘गोखल्यांनी’ लिहितो. विभक्ती लागली की गोखले गोखले राहत नाहीत, त्यांचं सामान्यरूप होतं. आणि सामान्यरूपातले गोखले संगणकाला दिसत नाहीत. त्यामुळे सातव्या अटीत ‘अनामत रक्कम गोखल्यांनी परत करावी’ हे वाक्य सुखरूप राहिलं. माझी पंचाहत्तर हजारांची अनामत अशा गृहस्थांनी परत करायची होती, ज्यांना ती कधी मिळणारच नव्हती. मराठी व्याकरणाचा असा आर्थिक फटका शाळेत कुणी सांगितला असता, तर आम्ही विभक्त्या जरा मन लावून पाठ केल्या असत्या.

उलट जिथे गोखले हवे होते, तिथून ते गेले. आधीच्या करारातल्या दोन भाडेकरू मुलींपैकी एकीचा पत्ता गोखलेनगरचा होता. तो साक्षीदाराच्या रकान्याखाली राहून गेला होता आणि ‘रिप्लेस’च्या तडाख्यात सापडला. बसल्या जागी पुण्यात मालकीणबाईंच्या आडनावाचं एक नगर वसलं. एखादं नगर वसवायला महापालिकेचा ठराव लागतो, अशी माझी समजूत होती.

संध्याकाळी पीडीएफची छापील प्रत घेऊन मी मालकीणबाईंकडे गेलो. बाई निवृत्त शिक्षिका, विषय मराठी. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं आणि लाइट बिलाच्या पाकिटाच्या पाठीवर सहा गोष्टी लिहिल्या : देणार कोण, घेणार कोण, कुठली जागा, कधीपासून, कधीपर्यंत, किती पैसे. ‘हे सहा खरे. आता कागदातलं प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा यांच्याशी जुळतो का बघायचा. तुम्ही वाचा, मी बोट ठेवते. आणि शेवटच्या पानापासून वाचा, नाहीतर पहिलं पान बरोबर आहे म्हणून डोळा पुढे घसरतो.’

नावं शोधायची त्यांची रीतही वेगळी. एजंटाला त्यांनी फोनवरच बजावलं, ‘अख्खं आडनाव शोधू नकोस रे. नुसतं ‘गोख’ शोध. गोखले, गोखल्यांनी, गोखलेबाई, सगळे एका जाळ्यात येतात. आणि सगळं एकदम बदलू नकोस, एकेक बघून बदल. म्हणजे गोखलेनगर जाग्यावर राहील.’ एजंट ‘हो मॅडम’ म्हणाला. तो हे कुठेतरी लिहून घेत असावा. बहुधा जुन्याच कागदावर.

मग सर्वनामं आली. कराराच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं : पुल्लिंगी उल्लेखात स्त्रीलिंगीचाही समावेश समजावा. ही पद्धत कायद्यातलीच, केंद्रीय कायद्यांसाठी ती १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे. ‘तो’ म्हटलं की त्यात ‘ती’ येते. पण ‘ती’ म्हटलं की त्यात ‘तो’ येतो, असं तिथे लिहिलेलं नाही. त्यामुळे अख्ख्या करारात जिथे जिथे ‘ती’ होती, तिथे मी नव्हतो. ती मी नव्हेच, असं मी कोर्टात छातीठोकपणे सांगू शकलो असतो.

बाईंचं बोट चौदाव्या अटीवर थांबलं. ‘जागा सोडताना तिने स्वखर्चाने रंगरंगोटी करून द्यावी.’

‘ही ती कोण?’ बाईंनी विचारलं.

मी गप्प बसलो. हे वाक्य मी दुपारीच पाहिलं होतं. आधीच्या करारात मालक पुरुष आणि भाडेकरू मुली, तेव्हा ‘तिने’ म्हणजे भाडेकरूनं. आता भाडेकरू मी, मालक बाई. दोघांत ‘ती’ म्हणावी अशी व्यक्ती एकच, आणि तिच्या हातात लाल पेन होतं. एक अक्षरही न बदलता रंगाचा खर्च एका पक्षाकडून उठून दुसऱ्याकडे जाऊन बसला होता. मुलींचा कुत्रा मला चिकटला, हा विनोद. ही मात्र रोख रक्कम होती. नाव चुकलं की निदान वाचणारा अडखळतो. सर्वनाम चुकलं की वाक्य गुळगुळीत वाचलं जातं, फक्त पैसे दुसऱ्याच्या खिशातून जातात. सव्वीस लाखांची चूक मी तासाभरात फोन करून कळवली होती. रंगाची चूक कळवायला मला रेंज मिळत नव्हती.

‘जुने दस्तलेखक हुशार होते हो,’ बाई म्हणाल्या. ‘लिहून देणार, लिहून घेणार. बाई असो, बुवा असो, शब्द तोच. पुढे ‘यांनी द्यावे’, ‘यांनी करावे’. लिंग नाही, भानगड नाही. हे तो-ती आलं कुठून, तर इंग्रजी कराराचं शब्दाला शब्द मराठी केलं तिथून.’ त्यांनी ‘तिने’ खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘लायसन्सी यांनी’. माझा रंग उडाला आणि भिंतींचा माझ्या खर्चात बसला.

सोळाव्या अटीत १९४७चा मुंबईचा भाडे कायदा होता. तो जाऊन ३१ मार्च २०००पासून नवा कायदा आला. सतराव्या अटीत सेवाकर होता, तो १ जुलै २०१७ला जीएसटीत विलीन झाला. बाईंनी दोन्हींवर शांतपणे काट मारली, जशी वर्गात गैरहजर मुलाच्या नावापुढे मारतात.

‘पण बाई, मुदत अकराच महिने का?’ मी विचारलं. एवढं सोलून काढतोच आहोत, तर हेही सोलावं.

याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण ते कायद्यात आहे. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. तो खर्च आणि खेटे वाचवायला लोकांनी अकरा महिन्यांची पळवाट काढली. पण महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ नं लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी आणि नोंदणीकृत असलंच पाहिजे असं ठरवलं. ती जबाबदारी मालकाची, आणि चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ज्या नोंदणीतून सुटायला अकरा महिने शोधले, तीच नोंदणी आपण अकरा-अकरा महिन्यांनी पैसे मोजून करतो. गोखल्यांना हसणाऱ्या अख्ख्या महाराष्ट्राच्या करारात राहून गेलेला हा सर्वांत जुना आकडा. तो कुठल्याही ‘रिप्लेस’ला सापडत नाही, कारण तो चुकीचा आहे असं कुणाला वाटतच नाही.

दुरुस्त मसुदा दुसऱ्या दिवशी आला. नोंदणीनंतर हेच सापडलं असतं तर चूक दुरुस्तीचा वेगळा दस्त करा, दोघांनी पुन्हा अंगठे द्या, पुन्हा बायोमेट्रिकवाला निघेपर्यंत वाट बघा, एवढं सगळं आलं असतं. बाईंनी मसुदा पुन्हा मागून पुढे वाचला. तोवर बायोमेट्रिकवाला दारात उभा, घड्याळाकडे बघत. असं मसुदा वाचणारं गिऱ्हाईक त्याला नवीन असावं. पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते अंगठा लावायचे. आता वाचता येणारेही वाचायला नको म्हणून लावतात, आणि यंत्र हिरवा दिवा दाखवून त्यांना शाबासकी देतं.

माझा अंगठा पहिल्या झटक्यात जुळला. बाईंचा तीनदा नाकारला गेला. चौथ्यांदा हात पुसून त्यांनी यंत्रावर बोट ठेवलं आणि वैतागून म्हणाल्या, ‘अरे, मीच ती.’

एवढ्या सगळ्यात ‘ती’ पहिल्यांदाच योग्य जागी आली होती. यंत्राला मात्र ती अजून पटत नव्हती.